शॉर्ट फिल्मसाठी आधी कोणतं पुस्तक घ्यावं? (सोसायटी ग्रुप)

ओंकारची आई (बी-३०४): नमस्कार मंडळी. ओंकार एस.वाय.ला आहे, मित्रांबरोबर मोबाईलवर शॉर्ट फिल्म करायचं चाललंय. वाढदिवसाला पुस्तकंच हवीत म्हणतो. यादीत सिड फील्डचं ‘स्क्रीनप्ले’ आणि रॉबर्ट मक्कीचं ‘स्टोरी’ आहे. रश्मी, तू एडिटिंग करतेस, म्हणून विचारते. हीच मागवू का?

रश्मी (सी-६०२): वहिनी, दोन्ही चांगली आहेत, पण आत्ता नको. फील्डचा हिशोब दोन तासांच्या सिनेमाचा आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे १२० पानं, आणि त्यातली पहिली ३० पात्रं आणि परिस्थिती उभी करण्यासाठी. हेच गणित सहा मिनिटांच्या फिल्मला लावलं की पहिलं दीड मिनिट गजर वाजतो, हिरो उठतो, दात घासतो, आणि गोष्ट सुरूच होत नाही. एडिटला बसल्यावर सगळ्यात आधी हेच कापावं लागतं.

कुलकर्णी काका (ए-१०२): मग सुरुवात कशाने करावी?

रश्मी (सी-६०२): डेव्हिड मॅमेटच्या ‘ऑन डायरेक्टिंग फिल्म’ने. त्याने १९८७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फिल्मच्या विद्यार्थ्यांना शिकवलं, त्या वर्गांमधून झालेलं छोटंसं पुस्तक आहे. त्यात तो मुलांबरोबर एक साधी गोष्ट घेऊन बसतो आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतो: या माणसाला काय हवंय? ते सांगायला कमीत कमी कोणते शॉट लागतील? त्याचं म्हणणं असं की शॉट साधा ठेवा. अर्थ दोन शॉट एकमेकांना जोडल्यावर तयार होतो.

ओंकार: ताई, आमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ आहे, ‘समीर खूप टेन्शनमध्ये आहे. त्याला निकालाची भीती वाटते.’ हे असं शूट कसं करायचं?

रश्मी (सी-६०२): ‘भीती वाटते’ कॅमेऱ्याला दिसत नाही. समीरला काय हवंय ते ठरव. समज, निकालाचा मेसेज आईच्या फोनवर येणार आहे आणि तिच्याआधी त्याला तो फोन हवाय. आता शॉट मांडू. एक, आईचे हात परातीत, कणकेने भरलेले. दोन, ओट्यावरचा फोन उजळतो. तीन, समीर फोनकडे बघतो. चार, त्याचा हात येऊन फोन पालथा करतो. पाच, आई मान वर न करता विचारते, “कोणाचा रे?” बस. कणकेमुळे आईला फोन लगेच घेता येत नाही, आणि समीरला घाबरल्याचा अभिनय करावा लागत नाही.

हे जमलंय का ते शूटिंगच्या आधीच कळतं. स्क्रिप्ट न वाचलेल्या कोणाला तरी हे पाच शॉट नुसते वाचून दाखव. चौथ्या शॉटला त्याने “का? मेसेजमध्ये काय होतं?” असं विचारलं, तर सीन उभा आहे. तुलाच समजावून सांगावं लागलं, तर एखादा शॉट कमी आहे किंवा चुकीचा आहे.

देशपांडे सर (बी-२०१): पण मॅमेट नटांकडून फक्त कृती मागतो. नवख्या मुलांना तेवढं पुरत नाही असा नाटकातला माझा अनुभव आहे.

रश्मी (सी-६०२): खरंय सर, ती त्याची मर्यादा आहेच. त्यासाठी जुडिथ वेस्टनचं ‘डायरेक्टिंग ॲक्टर्स’. “जरा घाबरून बोल” असं सांगितलं की नट घाबरलेला चेहरा करतो. त्याऐवजी “आईला बोलण्यात गुंतव” असं करण्याजोगं काम द्या, असं ती सांगते. आणि तिसरं, वॉल्टर मर्चचं ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’. कट कुठे करायचा याचे सहा निकष तो देतो आणि त्यात भावनेला ५१ टक्के वजन देतो, म्हणजे बाकीच्या पाचांना मिळून ४९. ओंकार, एका शॉटमध्ये आईचा उजवा हात कणकेत आणि पुढच्यात डावा, असं झालं तरी समीरची ती नजर खरी आली असेल तर तोच टेक ठेव.

कुलकर्णी काका (ए-१०२): आपल्याकडच्या कोणाचं नाही का?

रश्मी (सी-६०२): आहे ना काका, सत्यजित राय यांचं ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’, १९७६ चं. ‘पथेर पांचाली’ कशी झाली त्यावर एक लेख आहे त्यात. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी केलेलं शूटिंग होतं ते. काशफुलांच्या माळावरचा सीन अर्धा झाला, पुढच्या खेपेला गेले तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. उरलेल्या सीनसाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं.

ओंकार: म्हणजे आमचा स्वयंपाकघराचा सीन एकाच दिवसात संपवायचा?

रश्मी (सी-६०२): हो, आणि एकाच उजेडात. तुमच्या ओट्यावर खिडकीचं ऊन सकाळी येत असेल. आईचे आणि समीरचे शॉट तेव्हाच घ्या. फोनचा जवळचा शॉट उरला तर संध्याकाळी घेऊ नका, ओट्याचा रंगच बदललेला दिसेल.

ओंकारची आई (बी-३०४): मग मॅमेट आणि मर्च मागवते. रविवारी सकाळी कणीक भिजवलेली असेल, ओंकार, पण दहापर्यंत ओटा मोकळा करून द्यायचा.

देशपांडे सर (बी-२०१): वेस्टनचं माझ्याकडे आहे. ओंकार, संध्याकाळी येऊन घेऊन जा.