ताशी किती किलो, पण कशाचे?

"पल्व्हरायझरच्या डेमो व्हिडिओखाली एचपी, ताशी किलो आणि फोन नंबर टाकलाय. अजून काय लिहू?"

किलोपुढे माल आणि जाळी लिहा. आमच्या 3 एचपी मशीनखाली नुसतं 'ताशी 20 किलो' होतं. तो आकडा सुक्या मिरचीचा, 1 मिमी जाळीवरचा. एका गिऱ्हाइकाने त्याहून बारीक जाळी लावून हळद टाकली, निम्मीही निघेना, मशीन परत आलं. चूक आमचीच म्हणा. आता तिन्ही गोष्टी एकाच ओळीत असतात.

सिंगल फेज की थ्री फेज ते मात्र शीर्षकातच घाला. यूट्यूबवर वर्णनाच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं फारसं कुणी उघडत नाही. म्हणून नंबरही वरच, आणि शेजारी 'गाव, माल, रोज किती किलो एवढं व्हॉट्सअॅपवर कळवा' असं लिहा. नुसतं 'रेट क्या है' विचारणारे फोन बरेच कमी झाले आमचे.