व्हीपीएफ वाढवावा की उरलेलं पीपीएफ-एफडीत टाकावं?

चाकणकर:
वय ३४, चाकणला एका कंपनीत. बेसिक ६० हजार, वर्षाचा पगार १५ लाख, नवी करप्रणाली. माझ्या हिश्शाचा पीएफ महिना ७,२०० कापला जातो. महिन्याला आणखी २५ हजार बाजूला पडू शकतात. शेअर बाजाराची चर्चा नको, त्यासाठी एसआयपी वेगळी आहे. हे पैसे सगळे व्हीपीएफमध्ये, म्हणजे पगारातून स्वतःहून जादा पीएफ कापून घेऊन, टाकू का? शिवाय ३ लाखांची एफडी मे महिन्यात सुटतेय, तीही पीएफमध्ये भरता येईल का?

बिनधास्त_बापू:
डोळे झाकून टाका. ८.२५ टक्के, तेही करमुक्त. बँका आज साडेसहाच्या आसपास देतायत आणि त्यावर वर कर. पीपीएफ ७.१ वर २०२० पासून अडकलाय. आणि तुमच्या २५ हजारांवर कंपनीही तेवढेच टाकेल, ते वेगळंच.

पेरोलवाली:
बापू, कंपनी व्हीपीएफवर दमडीही टाकत नाही. तिचा हिस्सा आहे तेवढाच राहतो, वाढतो तो फक्त तुमचा. आणि 'करमुक्त' इतकं सरसकट नाही. एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा, म्हणजे पीएफ आणि व्हीपीएफ मिळून, वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो.

चाकणकर, तुमचे ७,२०० आणि २५,००० मिळून महिना ३२,२०० होतात, वर्षाचे ३,८६,४००. म्हणजे १,३६,४०० वरचे. नोव्हेंबरच्या पगारात तुम्ही रेषा ओलांडाल. त्याऐवजी व्हीपीएफ १३,६०० ठेवलात तर एकूण २,४९,६०० होतात आणि व्याजाला कराचा स्पर्श नाही. उरलेले ११,४०० पीपीएफमध्ये टाका. वर्षाचे १,३६,८०० होतात, पीपीएफच्या दीड लाखाच्या मर्यादेत बसतात.

सातारी_मिरची:
म्हणजे अडीच लाखांच्या वर एक रुपया गेला की सगळ्याच व्याजावर कर? मग नकोच तो व्हीपीएफ. आमच्या साहेबांनी याच भीतीने बंद केला.

पेरोलवाली:
नाही हो, साहेबांना सांगा. फक्त वरच्या रकमेवर. पीएफ खात्यात आता आतल्या आत दोन कप्पे धरले जातात, करपात्र आणि बिनकरपात्र. जुनी शिल्लक आणि अडीच लाखांपर्यंतचं बिनकरपात्र कप्प्यात राहतं.

पण करपात्र कप्प्याचा एक त्रास आहे. त्यात एकदा गेलेल्या पैशांच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो, फक्त भरले त्या वर्षी नव्हे. त्या कप्प्यात साठलेलं व्याजही पुढच्या वर्षी करपात्र व्याजच देतं. चाकणकरांनी दरवर्षी १,३६,४०० असे वर टाकले, तर पाचव्या वर्षी आधीच्या चार वर्षांच्या पैशावरच साधारण ५१ हजार व्याज होईल. त्यावर त्यांच्या १५ टक्के स्लॅबचा कर, सेस धरून, आठ हजारांच्या आसपास. पैसा हातात आलेला नसतो, कर मात्र खिशातून. शिवाय करपात्र व्याज वर्षाला ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की दहा टक्के टीडीएस. आयकर खात्याच्या एआयएसमध्ये तो दिसतो आणि रिटर्नमध्ये राहून गेला की नोटीस.

नागपूरचा_संत्री:
बाई, भीती घालताय थोडी. १५ टक्के स्लॅबला सेससकट १५.६ टक्के कर. ८.२५ मधून तो काढला तर ६.९६ उरतात. पीपीएफ ७.१. फरक ०.१४ टक्का! वर्षाला लाखामागे १४० रुपये. तेवढ्यासाठी पीपीएफचं वेगळं खातं, १५ वर्षांची मुदत आणि दर महिन्याला आठवणीने भरायची कटकट? व्हीपीएफ पगारातूनच जातो, डोळ्यांना दिसतच नाही. आणि एफडीपेक्षा तर करपात्र कप्पासुद्धा बरा. साडेसहाची एफडी करानंतर साडेपाचाला येते.

पेरोलवाली:
आजचा हिशेब बरोबर आहे. पण करपात्र कप्प्यात पडलेला पैसा तुमच्या पुढच्या स्लॅबने कर भरतो. माणूस ३४ चा आहे, बढती मिळणारच. ३० टक्के स्लॅब झाली की तेच ८.२५ टक्के ५.६८ वर येतात आणि तेव्हा 'ते पैसे पीपीएफमध्ये हलवा' असं करता येत नाही. पीपीएफमधला पैसा मात्र स्लॅब काहीही असो, करमुक्तच.

नागपूरचा_संत्री:
आणि ३० टक्के स्लॅबला एफडी काय देते मग? असो. स्लॅब वाढेपर्यंत वाढवायचा, मग १३,६०० वर आणायचा. मी तरी तसंच करेन.

गुरुजी_झेडपी:
मी जिल्हा परिषदेत शिक्षक, २००३ ची नेमणूक. भविष्य निर्वाह निधीत जादा रक्कम टाकतो. आम्हाला ७.१ च मिळतात, ८.२५ कुठून आले? आणि आमची मर्यादा ५ लाख ऐकली होती.

पेरोलवाली:
गुरुजी, तुमचा जीपीएफ. त्याचा दर वेगळा आणि त्यात मालकाचा हिस्सा नसतो, म्हणून करासाठी मर्यादा ५ लाख. इथे चाललंय ते कंपन्यांतल्या पीएफचं, म्हणजे ईपीएफचं.

कधीकाळचा_बचतदार:
सगळे टक्के मोजतायत, पैसा गरजेला हातात येतो का ते कुणी बोलत नाही. नोकरी सुटली तेव्हा मी क्लेम टाकला. पासबुकवर आकडा दिसत होता, पण जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. क्लेम परत. मग आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एका अक्षराने वेगळं. पुन्हा परत. घरभाडं तोवर मित्राकडून उसनं. शिवाय सलग पाच वर्षं नोकरी पूर्ण होण्याआधी काढले तर कर वेगळाच. म्हणून माझं म्हणणं, सहा महिन्यांचा खर्च एफडीत ठेवा, दर कमी असला तरी.

बिनधास्त_बापू:
आणि गृहकर्ज असेल तर आधी ते फेडा. सर्वांत सुरक्षित गुंतवणूक.

नागपूरचा_संत्री:
दर किती त्यावर आहे, बापू. कर्ज ७.९ चं असेल आणि व्हीपीएफ करमुक्त ८.२५ देत असेल तर फेडण्यात नफा नाही. ९ चं असेल तर फेडा. पण ८.२५ ही लिहून दिलेली गोष्ट नाही. दर दरवर्षी ठरतो, २०२१-२२ ला ८.१ झाला होता. तरी तेव्हाही पीपीएफच्या वरच होता.

चाकणकर:
कर्ज नाही. म्हणजे १३,६०० व्हीपीएफ आणि बाकी पीपीएफ, असं जवळजवळ ठरतंय. एफडीचं राहिलं.

पेरोलवाली:
एफडीचे पैसे थेट पीएफमध्ये भरता येत नाहीत, व्हीपीएफ फक्त पगारातून. पण पगारातून व्हीपीएफ कापला गेला की घरखर्चाला जे कमी पडेल ते एफडीतून घ्यायचं. परिणाम तोच. मात्र कधीकाळचा_बचतदार म्हणतात तसं, सहा महिन्यांचं बाजूला ठेवून उरेल त्यातूनच.

आणखी एक बघा. बऱ्याच कंपन्या व्हीपीएफ बदलायला एप्रिलमध्येच देतात, तेव्हा एचआरला मार्चमध्येच मेल टाका. पगारवाढीत बेसिक ६६ हजार झाला तर तुमचा पीएफ ७,९२० होईल, आणि १३,६०० तसाच राहिला तर वर्षाचे २,५८,२४० होतील. वाढ एप्रिलपासून धरायची असेल तर १२,९०० लिहा. टक्क्यांत नको, रकमेत सांगा.

चाकणकर:
आमच्या फॉर्मवर फक्त टक्क्यांचाच रकाना आहे.

पेरोलवाली:
मग ६६ हजारांचे १९ टक्के टाका, १२,५४० होतात. मर्यादेत बसतं.

नागपूरचा_संत्री:
आणि उरलेल्या ३६० रुपयांसाठी पुन्हा पीपीएफ!