मदत हवी आहे: थिसिसचे पाच चॅप्टर ३ मिनिटांत कसे बसवू?

पातीचा_कांदा: नमस्कार मंडळी, मी नाशिकची, ॲग्रीत पीएचडी, थिसिस उन्हाळ कांद्याच्या साठवणीवर. शनिवारी ३ मिनिटांत थिसिस सांगायची स्पर्धा आहे, एकच स्लाइड, ॲनिमेशन नाही, हातात वस्तू घ्यायची नाही. एक प्रॉब्लेम, एक निष्कर्ष, एक परिणाम एवढंच सांगा म्हणतात. माझे चॅप्टर पाच: चाळीतली हवा, वाण, सुकवणी, मान किती ठेवून कापायची आणि युरिया. काल गंगापूर रोडला मैत्रिणीकडे घड्याळ लावून वाचलं तर ६१० शब्द आणि सव्वापाच मिनिटं!! मग प्रत्येक चॅप्टरमधून थोडं थोडं छाटलं, ४८० वर आलं पण आता मलाच कळत नाहीये मी काय म्हणतेय ते. सर म्हणतात पाचही आले पाहिजेत. काय करू?

सिन्नरचा_वारा: सोप्पंय. बोलायचं फक्त एकावर, बाकीचे चार स्लाइडवर टाक ग्राफसकट, सरही खूश. आणि दहावीस सेकंद वर गेले तर कोणी काही म्हणत नाही.

निफाडकर: ताई बरं झालं तुम्ही भेटल्या. दोन चाळी भरल्या होत्या, एक जवळजवळ अर्धी सडली. पत्रा तापतो म्हणून होतं का? पत्रा काढून कौलं टाकू का, खर्च लय आहे.

गोदाकाठ: वारा, एकावर बोलायचं हे बरोबर, बाकी दोन्ही चूक. ही स्पर्धा २००८ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाने सुरू केली, तिथल्या नियमात ३ मिनिटांच्या वर गेला की बाद. आणि पाच ग्राफ लावले की लोक ते वाचत बसतात, बोलणारीकडे कोण बघतंय.

पाती, तू सगळीकडून थोडं थोडं कापलंस तिथेच घोळ झाला, त्याने पाचही चॅप्टर अर्धवट राहतात. चार पूर्ण काढ. कुठला ठेवायचा ते असं बघ, "लोकांना वाटतं अमुक, मला दिसलं तमुक, म्हणून आता हे करायचं" हे वाक्य प्रत्येक चॅप्टरसाठी लिही. बहुतेक ठिकाणी तिसरा तुकडा येणारच नाही, किंवा "अजून संशोधन हवं" असला येईल. ते बाद. आणि प्रॉब्लेम शोधत कशाला बसतेस, वर निफाडकरांनी लिहिलाय की.

पातीचा_कांदा: अरे हो की!! वाणाच्या चॅप्टरला तिसरा तुकडा खरंच आला नाही, मानेच्या लांबीचा आला पण ते सगळ्यांना माहीतच आहे. युरियाचा असा आला: "लोकांना वाटतं कांदा चाळीत सडतो, मला दिसलं की उशिरा युरिया दिला की मान जाड राहते, जाड मान नीट सुकत नाही आणि तिथूनच सड आत शिरते, म्हणून लागवडीनंतर दोन महिन्यांनी युरिया बंद." नवीन ड्राफ्ट: प्रॉब्लेम ८० शब्द, निष्कर्ष १५०, परिणाम ७०. स्लाइडवर फक्त दोन उभे कापलेले कांदे, एक बारीक मानेचा एक जाड. २ मिनिटं ४० सेकंदांत बसतंय. फक्त "नत्राची विभागून मात्रा" कसं म्हणू?

गोदाकाठ: "शेवटचा युरिया" म्हण. वेळही ठीक आहे, स्टेजवर श्वास घ्यायला वीस सेकंद लागतातच. पण एक सांभाळ, "युरियामुळे कांदा सडतो" असं धाडकन म्हणू नकोस. काढणीत पाऊस झाला तर बारीक मानेचाही सडतो. किती हंगाम, किती प्लॉट?

पातीचा_कांदा: दोन हंगाम, एकच शेत.

गोदाकाठ: मग "माझ्या शेतात, दोन हंगामांत" हे शब्द कितीही छाटलंस तरी ठेव. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार आणि उत्तर द्यायला तुला तीन मिनिटं कमी पडतील 😄

सिन्नरचा_वारा: पण एवढा सावध बोलला की दम राहतो का? मला नाही पटत. आणि सरांचं काय?

पातीचा_कांदा: सरांना अजून दाखवलं नाही, उद्या जाते. मध्ये एक वाक्य टाकलंय, "मी पाच गोष्टी तपासल्या, आज एकच सांगते." चालेल का माहीत नाही.

निफाडकर: म्हणजे पत्रा बदलू नको का?

पातीचा_कांदा: दादा, आधी सांगा, शेवटचा युरिया कधी टाकला होता?

निफाडकर: काढणीच्या महिनाभर आधी. फुगवण यावी म्हणून.