मिटलेले डोळे, उघडे डोळे: लँडमार्कने ताणावे की डिफ्युजनने घडवावे?

रात्रपाळी
एका सामूहिक फोटोत एका व्यक्तीचे डोळे मिटले आहेत. काही मिनिटांनी काढलेल्या दुसऱ्या फोटोत तिचे डोळे उघडे आहेत, पण मान किंचित वळलेली आहे. तिचे उघडे डोळे सामूहिक फोटोत आणायचे आहेत आणि त्यास तिची संमती आहे. सामूहिक फोटोत तिचा चेहरा जेमतेम 96 पिक्सेल रुंद आहे. चित्राचा निवडलेला भाग नव्याने घडवणारे डिफ्युजन इनपेंटिंग हाताशी असताना, चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू म्हणजे लँडमार्क जुळवण्याच्या जुन्या पद्धतीला काही अर्थ उरला आहे का?

अर्धविराम
माझ्या मते उरलेला नाही. जुन्या पद्धतीत दोन्ही चेहऱ्यांवर 68 बिंदू शोधायचे, त्यांच्यामध्ये त्रिकोणांची जाळी विणायची आणि एकेक त्रिकोण ताणून समोरच्या त्रिकोणात बसवायचा असतो. त्रिकोण सपाट आणि चेहरा गोलाकार, त्यामुळे मान वळलेली असली की नाकाआड दडलेला गाल स्रोतात नसतोच आणि जे थोडे दिसते तेच ताणून पसरवले जाते. `cv2.seamlessClone` कडेची शिवण मिटवते हे खरे, परंतु ते काम कडेचा रंग जुळवून होते. स्रोतातल्या चेहऱ्यावर डावीकडून सावली असेल तर ती तशीच नव्या फोटोत येते. डिफ्युजनमध्ये बदलायचा म्हणून आखलेला भाग, म्हणजे मास्कच्या आतला भाग, भोवतालचा प्रकाश पाहून नव्याने घडतो आणि मास्कबाहेरचा एकही पिक्सेल हलत नाही. मग धोका कुठे आहे?

बिंदुसार
आपले पहिले अर्धे म्हणणे मान्य आहे. सावलीचा मुद्दा तर अचूक आहे. मात्र "एकही पिक्सेल हलत नाही" हे बरोबर नाही. स्टेबल डिफ्युजनसारखी मॉडेल पिक्सेलवर काम करत नाहीत. ती आधी चित्राचे आठपट लहान सांकेतिक रूप करतात, म्हणजे 512 बाय 512 चे चित्र 64 बाय 64 होते, आणि शेवटी त्यातून पुन्हा चित्र उलगडतात. या जाण्यायेण्यात मास्कबाहेरचे बारीक पोत, दूरची अक्षरे आणि शेजारच्या माणसांचे लहान चेहरे थोडे थोडे बदलतात. मूळ फोटो आणि आलेला फोटो यांची वजाबाकी करून तो फरक दहापट उजळ करून पाहावा. मास्कबाहेर काळे दिसायला हवे, पण तिथे आकृत्यांच्या कडा दिसतील. उपाय सोपा आहे, पण तो आपण स्वतः करावा लागतो:

```
final = mask * generated + (1 - mask) * original
```

आता 96 पिक्सेलचा चेहरा घ्या. तो सांकेतिक रूपात 12 घरे रुंद होतो आणि एक डोळा दोन-तीन घरांत मावतो. पूर्ण फोटो तसाच दिला तर डोळ्यांच्या जागी डोळ्यांसारखे काहीतरी येते. चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापून, 512 पर्यंत मोठा करून, त्यावर इनपेंटिंग करून मग परत लहान करून बसवला, तरच पापणीची रेघ नीट येते.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. ताणण्याच्या पद्धतीत पिक्सेल त्या व्यक्तीचेच असतात, फक्त जागा बदलतात. इनपेंटिंगमध्ये नवे पिक्सेल घडवले जातात आणि ते भोवतालाशी पटतील एवढीच काळजी घेतली जाते. जुन्या पद्धतीची चूक कडेला दिसते, म्हणून कोणीही ती पकडतो. नव्या पद्धतीची चूक ओळखीत असते आणि कड निर्दोष असते, त्यामुळे अनोळखी माणसाला फोटो उत्तम वाटतो. खटकतो तो फक्त त्या व्यक्तीच्या घरच्यांना.

जुनीरीळ
मी हेच व्हिडिओवर करून पाहिले. प्रत्येक फ्रेम वेगळी इनपेंट केल्यावर भुवया फ्रेमगणिक वरखाली नाचत होत्या. त्यामुळे माझे मत लँडमार्कच्या बाजूने आहे.

बिंदुसार
प्रश्न एकाच स्थिर फोटोचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो: लँडमार्कचे बिंदूही फ्रेमगणिक थरथरतात, फक्त ती थरथर आधीच्या-नंतरच्या फ्रेमची सरासरी काढून शमवता येते. नव्याने घडलेल्या भुवईची अशी सरासरी काढता येत नाही.

रात्रपाळी
आपल्या सांगण्यावरून आधी लँडमार्क पद्धत चालवली. उघडे डोळे असलेला चेहरा 68 बिंदूंनी ताणून बसवला, आणि निकालात डोळे पुन्हा मिटलेलेच आले. वरची पापणी खालच्या पापणीवर चेपल्यासारखी दिसते आणि बुबुळाची काळी रेघ उरली आहे. बिंदू तर नीट जागेवर बसले होते.

बिंदुसार
बिंदू नीट बसले म्हणूनच तसे झाले. 68 बिंदूंपैकी 36 ते 47 हे डोळ्यांचे आहेत. सामूहिक फोटोत डोळे मिटलेले असल्याने तिथे वरच्या आणि खालच्या पापणीचे बिंदू एकमेकांना चिकटलेले असतात. आपण उघडा डोळा त्या फटीत बसवायला सांगितला आणि पद्धतीने तो इमानेइतबारे बसवला. इथे त्रिकोणांची जाळी वापरूच नये. डोळ्यांचे चार कोपरे आणि नाकाचे बिंदू एवढेच घेऊन दोन्ही चेहऱ्यांतले सरकणे, फिरणे आणि लहानमोठेपण जुळवावे, आणि भुवयांखालपासून गालाच्या वरच्या भागापर्यंतचा पट्टा तेवढाच आणावा. मास्कची कड केसांवरून जाऊ देऊ नये; `cv2.seamlessClone` कडेचा रंग आत पसरवते, त्यामुळे काळी बट कडेवर आली तर गालावर डाग उतरतो.

अर्धविराम
म्हणजे लँडमार्क पद्धत वाचवण्यासाठी तिच्यातले बहुतेक लँडमार्क काढून टाकावे लागले! विनोद सोडला, तरी ओळखीबद्दलचा आपला आक्षेप आता जुना झाला आहे. आर्कफेससारखे मॉडेल चेहऱ्याचा 512 आकड्यांचा ठसा काढते. तो ठसा इनपेंटिंगला दिशा म्हणून देता येतो आणि निकाल त्याच ठशाशी ताडून पाहता येतो.

बिंदुसार
ज्या मापाने कापड बेतले त्याच मापाने ते अंगाला बसते का हे पाहण्यासारखे आहे हे. निकाल त्या ठशाकडेच ओढलेला असल्यामुळे गुण चांगले येणारच. पडताळणी निदान वेगळ्या मॉडेलने तरी करावी. शिवाय तो ठसा प्रकाश, हावभाव, केशरचना बदलली तरी माणूस ओळखता यावा यासाठी शिकवलेला असतो. डाव्या पापणीवरचा तीळ किंवा एका भुवईतली खाच त्यात उतरेलच याची खात्री नाही. तीळ नाहीसा झाला तरी गुण चांगले येऊ शकतात.

अर्धविराम
तिळाचे मान्य. पण चेहरा 40 अंश वळलेला आणि प्रकाश उलट बाजूचा असेल, तर आपण तरी ताणून बसवाल का?

बिंदुसार
नाही, तिथे मी इनपेंटिंगच घेईन. परंतु आधी ताणून ओबडधोबड चेहरा बसवेन आणि त्यावर कमी स्ट्रेंग्थने, म्हणजे खालच्या चित्रात थोडाच गोंगाट मिसळून, इनपेंटिंग चालवेन. 40 पायऱ्या आणि 0.3 स्ट्रेंग्थ दिली तर प्रत्यक्षात शेवटच्या 12 पायऱ्याच चालतात. खालचा चेहरा बराच शाबूत राहतो आणि शिवण व त्वचेचा पोत जुळून येतो.

रात्रपाळी
हे आधी कळले असते तर बरे झाले असते. काल मी मिटलेल्या डोळ्यांवरच थेट 0.3 ने इनपेंटिंग केले होते आणि सूचनेत "उघडे डोळे" लिहूनही ते मिटलेलेच राहिले.

बिंदुसार
कारण तेच. एवढ्या कमी स्ट्रेंग्थला मिटलेली पापणी गोंगाटाखाली पुरती बुजतच नाही आणि मॉडेल तीच उजळून परत देते.

अर्धविराम
तरीही 0.3 मला अपुरे वाटते. दिशा बदललेली सावली एवढ्याने हलत नाही, 0.5 च्या आसपास जावेच लागते.

बिंदुसार
0.5 ला सावली हलते, पण तिच्याबरोबर नाकाचा शेंडाही बदलू लागतो. मी सावली वेगळ्या थरावर हाताने रंगवेन आणि 0.3 च ठेवेन.

रात्रपाळी
माझ्या फोटोत प्रकाश दोन्हीकडे समोरूनच आहे, त्यामुळे डोळ्यांचा पट्टा तेवढा आणतो आणि इनपेंटिंग शिवणीपुरते ठेवतो. मान वळल्यामुळे उजवा डोळा डाव्यापेक्षा अरुंद दिसतो आहे, तो तसाच आणावा की दोन्ही डोळे वेगवेगळे जुळवावेत?

अर्धविराम
वेगवेगळे जुळवा, पण मग नजर दोन दिशांना जात नाही ना, हे मोठे करून पाहा.