सल्ला हवा: 9:30 पर्यंत थांबणारा अल्गो 9:30 ला डोळे झाकून खरेदी करायलाय

उदगीरचा_दुकानदार
रामराम मंडळी. माझं कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी नऊला गिऱ्हाईक सुरू होतं, त्यामुळं स्क्रीनसमोर बसणं जमत नाही. म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून घेतलाय. एकच शेअर, कॅश इंट्राडे, 5 मिनिटांची कॅन्डल, 9 आणि 21 चा ईएमए. 9 वाला 21 च्या वर असला की खरेदी.

सव्वानऊची घुसळण नको म्हणून 9:30 च्या आधी ऑर्डर टाकायची नाही अशी अट घातली. तरी बऱ्याच दिवशी साडेनऊच्या ठोक्यालाच ऑर्डर जाते आणि थोड्या वेळात स्टॉप लागतो. अजून थांबावं का? 9:45 करू की 10? तुम्ही लोक किती वेळ ठेवता?

क्रांतीचौक_ट्रेडर
दहा करून टाका भाऊ. पहिला पाऊण तास बाजार नुसता आपटतो. रात्रीच्या बातम्या, अडकलेले लोक, सगळ्यांची घाई. आमचा ग्रुप तर 10 च्या आत बटणाला हातच लावत नाही.

आणि ईएमए कालच्या कॅन्डल धरून काढू नका, आजपासून नव्यानं काढा. गॅपमुळं आकडे बिघडतात.

मोंढ्यातला_अप्पा
आमच्या एमसीएक्सवर असलं काही नसतंय बगा. क्रूड 9 ला उघडतंय आणि सकाळी निवांत पडलेलं असतंय, खरी हालचाल संध्याकाळी. तुम्ही शेअर सोडून क्रूड का करत नाही? दुकानही बंद झालेलं असतंय तवर.

उदगीरचा_दुकानदार
अप्पा, संध्याकाळी घरच्यांसमोर लॅपटॉप उघडला तर जेवायला मिळायचं नाही. सध्या शेअरचंच बघू.

नांदेडची_ताई
किती मिनिटं थांबायचं हे मग बघू. दादा, आधी लॉगमधला एखादा वाईट दिवस इथं टाका. कॅन्डलचा क्लोज, दोन्ही ईएमए आणि ऑर्डरची वेळ एवढं पुरे. आदल्या दिवसाच्या शेवटच्या कॅन्डलचे आकडेही द्या.

उदगीरचा_दुकानदार
आदल्या दिवशी क्लोज 640, ईएमए9 638 आणि ईएमए21 640. दुसऱ्या दिवशी गॅप-अप उघडला, पहिल्या पाच मिनिटांत 661 ला जाऊन आला. पुढचं असं:

```
09:20:01 c=658.00 ema9=642.00 ema21=641.64 gate=closed
09:25:01 c=652.00 ema9=644.00 ema21=642.58 gate=closed
09:30:01 c=647.00 ema9=644.60 ema21=642.98 gate=open BUY
```

स्टॉप 643.75 ला होता. दहा वाजायच्या आत उडाला.

नांदेडची_ताई
बघा, दुखणं इथंच आहे. शेअर 658 वरून 652 आणि 652 वरून 647 असा सरळ खाली यायलाय, आणि तुमचा प्रोग्राम त्याच वेळी खरेदी करायलाय.

काल 9 वाला 21 च्या दोन रुपये खाली होता. पहिल्या कॅन्डलमध्ये क्लोज एकदम 658 आला. 9 चा ईएमए नव्या भावातला पाचवा हिस्सा उचलतो, 21 चा अकरावा. म्हणून एकाच कॅन्डलमध्ये 9 वाला उडी मारून वर गेला: 642 आणि 641.64. छेद झाला तो इथं, आणि तो गॅपनं केला. तो कळला 9:20 ला, तेव्हा फाटक बंद होतं. इथपर्यंत तुमची अट बरोबर चालली.

पण प्रोग्राम साडेनऊला विचारतो काय? ‘9 वाला वर आहे का?’ आहेच की. भाव अकरा रुपयांनी पडला तरी ईएमए मागून येतो, 644.60 अजून 642.98 च्या वरच आहे. म्हणजे 9:20 चा नको असलेला सिग्नल तुम्ही टाळला नाहीत, दहा मिनिटं राखून ठेवलात आणि फाटक उघडल्याबरोबर वापरलात.

आता फाटक 10 ला ठेवून बघा. समजा भाव 646 च्या आसपास रेंगाळला, तर 10 ला सुद्धा 9 वाला वरच असेल आणि ऑर्डर 10 च्या ठोक्याला जाईल. लॉगमध्ये खूण एकच शोधायची: पहिली ऑर्डर बहुतेक दिवशी फाटकाच्याच मिनिटाला जात असेल तर सिग्नल आधीचा साचलेला आहे.

क्रांतीचौक_ट्रेडर
म्हणूनच म्हटलं ना, ईएमए आजपासून काढा. गॅपचा प्रश्नच मिटला.

नांदेडची_ताई
गॅपचं निदान तुमचं बरोबर आहे. पण 21 चा ईएमए आजपासून धरायचा तर 21 कॅन्डल हव्यात. पाच मिनिटांच्या 21 म्हणजे 105 मिनिटं, वाजले अकरा. त्याआधी काढलेला आकडा कुठून सुरुवात केली त्यावरच हलत राहतो. अकरापर्यंत थांबायची तयारी असेल तर खुशाल करा, पण मग 9:30 की 10 हा वादच नको.

दादा, मी दोन गोष्टी बदलल्या असत्या. एक, ‘वर आहे का’ ऐवजी ‘आत्ता वर गेला का’ असं विचारायचं. दोन, ज्या कॅन्डलमध्ये तो वर गेला तीच मुळात 9:30 नंतर सुरू झालेली हवी.

```python
last, prev = candles[-1], candles[-2]   # दोन्ही पूर्ण झालेल्या
crossed = prev.ema9 <= prev.ema21 and last.ema9 > last.ema21
after_gate = last.start.time() >= time(9, 30)
if crossed and after_gate and not has_position():
    place_order()
```

`candles[-1]` खरंच पूर्ण झालेली आहे का ते तपासा. बऱ्याच एपीआयमध्ये शेवटची कॅन्डल चालू असलेली येते, मग दर सेकंदाला छेद होतो आणि मोडतो.

उदगीरचा_दुकानदार
ताई, लई झकास सांगितलंत. पण मग पहिली ऑर्डर 9:35 लाच जाईल ना? 9:30 ला सुरू झालेली कॅन्डल 9:35 ला संपते.

नांदेडची_ताई
हो, 9:35 ला. कॅन्डलवर नाव सुरुवातीच्या वेळेचं असतं, त्यामुळं 9:25 च्या नावाची कॅन्डल 9:30 ला हातात येते. तिच्यातली सगळी हालचाल थांबण्याच्या वेळेतली आहे, म्हणून मी ती धरत नाही.

जालन्याचा_अभियंता
इथं मी असहमत. 9:25 ची कॅन्डल मी धरतो. दहा मिनिटांत निम्मी घुसळण निवलेली असते, आणि उगीच पाच मिनिटं घालवली तर चांगल्या ट्रेंडच्या दिवशी भाव निघून जातो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. गॅप-अप होऊन दिवसभर चढत राहणाऱ्या दिवशी छेद 9:20 लाच होतो आणि परत होतच नाही. ताईंच्या कोडमध्ये तो दिवस पूर्ण कोरडा जाईल.

नांदेडची_ताई
जाईल, मान्य. तो दिवस हवा असेल तर ईएमएला फक्त दिशा सांगायच्या कामाला ठेवा, आणि ऑर्डरसाठी 9:15 ते 9:30 चा उच्चांक लावा. म्हणजे 9:30 नंतर एखादी कॅन्डल त्या उच्चांकाच्या वर बंद झाली तरच खरेदी. दादांच्या त्या दिवशी उच्चांक 661 होता. भाव 647 वर, म्हणजे ऑर्डर गेलीच नसती. चढत्या दिवशी मात्र गेली असती.

त्याची किंमत अशी की खरेदी वर होते आणि स्टॉप लांब पडतो. 661 च्या वर घेऊन स्टॉप रेंजच्या खाली ठेवायचा म्हटलं तर शेअरची संख्या कमी करावी लागते. मी हेच वापरते. जालन्याच्या दादांना छेद आवडतो. दोन्ही जुन्या डेटावर चालवून बघा, शेअरगणिक उत्तर बदलतं.

मोंढ्यातला_अप्पा
मग 9 ते 9:08 च्या प्री-ओपनमध्येच ऑर्डर टाकून ठेवली तर? सगळ्यांच्या आधी नंबर.

जालन्याचा_अभियंता
अप्पा, तिथं रांगेचा प्रश्न नाही. सगळ्या ऑर्डर गोळा होऊन एकच भाव ठरतो आणि 9:15 ला शेअर त्या भावानं उघडतो. दादांना नेमकं तेच टाळायचंय.

हां, त्यावरून आठवलं. 9:08 नंतर ठरलेला भाव काही डेटा फीडमध्ये टिक म्हणून येतो. तुमचा प्रोग्राम कॅन्डल स्वतः बनवत असेल तर 9:15 च्या आधीचे टिक गाळा, नाहीतर पहिल्या कॅन्डलचा उच्चांक-नीचांक चुकतो आणि ताईंचा 661 तुमच्याकडं वेगळाच दिसतो.

परभणी_एक्स्प्रेस
माझा वेगळाच घोळ. आमच्याकडं सकाळी लाईट जाते. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण राऊटर बंद होऊन परत सुरू होतो. मध्ये प्रोग्राम पडला की परत चालू करतो, आणि त्याला वाटतं आज काहीच घेतलेलं नाही. एकदा त्यानं घेतलेलाच शेअर परत घेतला.

मित्र म्हणाला क्लाउड सर्व्हर घे. घेतला. आता पहिली ऑर्डर दुपारी तीननंतर जायलीय! काय भानगड आहे?

नांदेडची_ताई
सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे. त्याचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. `datetime.now()` च्या जागी `datetime.now(ZoneInfo("Asia/Kolkata"))` लिहा. लॉगमध्येही वेळ आपल्याच घड्याळाची छापा.

दुबार खरेदीसाठी प्रोग्रामच्या आठवणीवर विसंबू नका. सुरू झाल्याबरोबर ब्रोकरकडून पोझिशन आणि आजच्या ऑर्डर मागवायच्या आणि `has_position()` चं उत्तर तिथूनच द्यायचं. मध्येच सुरू झाला तर 9:15 पासूनच्या कॅन्डलही मागवून घ्यायच्या. नाहीतर 9:50 ला उठलेला प्रोग्राम 9:50 पासूनच्या पंधरा मिनिटांनाच सुरुवातीची रेंज समजेल.

क्रांतीचौक_ट्रेडर
एक भर घालतो, ही तरी पटेल. आमच्या ग्रुपमधल्या एकानं फाटक थेट `place_order()` च्या आत बसवलं होतं. आदल्या दिवशीची डिलिव्हरी पोझिशन होती, गॅप-डाऊन उघडला, आणि बाहेर पडायची ऑर्डरही साडेनऊपर्यंत अडली.

नांदेडची_ताई
पटली. फाटक फक्त नव्या खरेदीला, बाहेर पडायला कधीच नाही.

उदगीरचा_दुकानदार
सगळ्यांचे आभार. दोन्ही पद्धती आधी कागदावर चालवतो, खरी ऑर्डर बंद ठेवून. एक राहिलंच: मी मार्केट ऑर्डर टाकतो. 9:35 नंतर चालेल का?

जालन्याचा_अभियंता
शेअर कोणता त्यावर आहे. निफ्टी 50 मधला असेल तर तेवढ्या वेळात खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर बहुधा आवळलेलं असतं. लहान शेअर असेल तर ऑर्डरच्या आधी ते अंतर प्रोग्रामलाच मोजायला लावा आणि जास्त असेल तर ऑर्डर सोडून द्या. मी तर लिमिटच टाकतो, समोरच्या भावापेक्षा किंचित वर. भरली नाही तर रद्द.

परभणी_एक्स्प्रेस
ताई, घड्याळ नीट झालं. पण ब्रोकरचं लॉगिन रोज सकाळी नव्यानं करावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच लाईट नसते. त्यावर काही?