उत्तर: चुकीच्या खात्यात गेलेले पैसे

> घरमालकाला १८,००० भाडं एनईएफटीने पाठवलं, खाते क्रमांकात ४७ च्या जागी ७४ पडलं. नाव तर बरोबर होतं. कोथरूडच्या शाखेत काय सांगू?

नावाचा इथे उपयोग नाही. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून, नाव जुळवलं जात नाही. ७४ वालं खातं अस्तित्वातच नसेल, तर रक्कम आपोआप परत येते, बहुधा दोनेक तासांत. त्यामुळे आधी स्टेटमेंट बघा. परतीची नोंद नसेल, तर पैसे कुणाच्या तरी खात्यात पडलेत.

मग आजच शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोन्ही खाते क्रमांक, चुकलेला व बरोबर, एकाखाली एक लिहा. आकड्यांची अदलाबदल नजरेला दिसली की चूक प्रामाणिक आहे हे वेगळं पटवावं लागत नाही. घरमालकाला आधी केलेल्या भरण्याची नोंदही जोडा. पोच शिक्क्यासह घ्या, नुसतं ‘बघतो’ ऐकून उठू नका.

तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती खातेदाराला विचारते. गाडी अडते ती इथेच, कारण त्याच्या संमतीशिवाय बँक पैसे काढू शकत नाही, आणि त्याचं नाव-पत्ता तुम्हाला देतही नाही. तो नाही म्हणाला, तर वकिलाकरवी करार कायदा १८७२ च्या कलम ७२ खाली मागणी करा: चुकून मिळालेले पैसे परत करणं त्याला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मात्र आकडा तुमच्याच हातून चुकला म्हणून दाद मिळणार नाही. बँकेने अर्जच दाबून ठेवला, तर ३० दिवसांनी जरूर जा.