रात्रपाळी सांभाळून दिवसाचे उपचार : पाळी बदलून घेतल्याचे अनुभव लिहावेत

रातराणी

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात कंत्राटी कामगार आहे आणि माझी पाळी रात्री ११ ते सकाळी ७ अशी असते. स्तनाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झाली असून आता रेडिएशनची २० सत्रे घ्यायची आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे साधारण चार आठवडे. प्रत्यक्ष यंत्राखाली पंधरा-वीस मिनिटेच लागतात, पण जाणे-येणे, नंबर लागेपर्यंत थांबणे आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांची तपासणी धरली तर अर्धा दिवस जातो. केमोच्या काळात माझी बहुतेक रजा संपली आहे, त्यामुळे पूर्ण महिनाभर घरी बसणे मला परवडणारे नाही.

सुपरवायझर साहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "उपचार दिवसा आहेत, ड्युटी रात्री आहे, मग सुट्टी कशासाठी?" ते वाईट हेतूने बोलले असे मला वाटत नाही. परंतु रात्रपाळीच्या माणसाची झोप दिवसाच होते आणि उपचार त्याच झोपेतून वेळ काढून घ्यावे लागतात, हे मला त्यांना नीट सांगता आले नाही. ज्यांनी असे आठवडेच्या आठवडे चालणारे उपचार नोकरी ठेवून घेतले, त्यांनी कोणती पाळी मागितली, अर्जात काय लिहिले आणि पुढे काय अडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

नाना टाइमऑफिस

ताई, मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षे हजेरी आणि पाळीपत्रक पाहिले आहे. रात्रपाळीच्या रजा अर्जात सर्वाधिक घोळ तारखेचा होतो, म्हणून तिथून सुरुवात करतो. "मंगळवारी रजा हवी" असे कामगार लिहितो, तेव्हा त्याच्या मनात मंगळवारी सकाळी संपणारी पाळी असते आणि कारकून मंगळवारी रात्री सुरू होणारी पाळी धरतो. कामगार सोमवारी रात्री येत नाही, मस्टरवर गैरहजेरी लागते आणि मंगळवारी रात्री तो कामावर येतो तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असतो. म्हणून "सोमवारी रात्री ११ वाजता सुरू होऊन मंगळवारी सकाळी ७ वाजता संपणारी पाळी" असे पूर्ण लिहावे, मग ते कितीही लांबलचक वाटो. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत साप्ताहिक सुट्टीसुद्धा पाळी संपल्यापासून पुढचे २४ तास अशी मोजली जाते. रविवारी सकाळी ७ ला सुटलात, तर तुमची सुट्टी सोमवारी सकाळी ७ पर्यंत असते आणि सोमवारचे सत्र त्यानंतर लगेच येते. पाळीपत्रक मांडताना हे ध्यानात ठेवावे.

आमच्या कॉम्प्रेसर विभागातील एका ऑपरेटरला स्वरयंत्राचा कर्करोग अगदी सुरुवातीलाच सापडला होता आणि त्याला २८ सत्रे दिली होती. त्याने सुट्टी मागितली नाही. पाळीपत्रकच लिहून आणले. रात्रपाळीऐवजी दुपारची ३ ते ११ ही पाळी आणि सकाळी रुग्णालय. दुपारच्या पाळीतील त्याच कामाचा एक सहकारी त्याच्या जागी रात्री यायला तयार होता, त्याची सही अर्जावर होती आणि रात्रपाळीचा भत्ता या काळात त्या सहकाऱ्याला मिळावा असेही स्पष्ट लिहिले होते. पहिले दोन आठवडे त्याने पूर्ण काम केले. पुढचे दोन आठवडे मधला बुधवार रजेचा ठेवला, कारण थकवा हळूहळू साठत जातो असे डॉक्टरांनी सांगितले होते. शेवटची सत्रे आणि त्यानंतरचे दोन आठवडे त्याने सलग रजा घेतली. उपचार संपले की त्रास संपला असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात घशाचा दाह सत्रे संपल्यानंतरच्या आठवड्यात सर्वांत जास्त होता आणि तो पेजेवर होता.

त्याच्या अर्जातील एक वाक्य मी नंतर अनेकांना सुचवले. त्याने शेवटची तारीख लिहिली नव्हती, "२८ सत्रे पूर्ण होईपर्यंत, अंदाजे सहा आठवडे" असे लिहिले होते. मध्येच यंत्र बिघडले आणि दोन दिवस सत्रे झाली नाहीत. सत्रांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे चुकलेला दिवस शेवटी जोडला जातो आणि तारीख पुढे सरकते. अर्जात तारीख असती, तर त्याला आजारपणात पुन्हा नवा अर्ज आणि नव्या सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या.

कोल्हापूरकर

एवढी खटपट कशाला करता? तुमचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय लागू आहे. रुग्णालयाचे पत्र कंपनीला द्यायचे आणि महिनाभर पूर्ण पगारी रजेवर जायचे. कंपनी नाही म्हणूच शकत नाही.

नाना टाइमऑफिस

कोल्हापूरकर, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, हे खरे. पण पूर्ण पगार मिळत नाही. सर्वसाधारण आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस, असा तो लाभ आहे. कर्करोग दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो, पण त्यासाठी दोन वर्षे सलग विमाधारक नोकरी झालेली असावी लागते. खासगी रुग्णालयाचे पत्रही थेट चालत नाही. ते घेऊन ईएसआय दवाखान्यातून रजेचा दाखला काढावा लागतो.

ताईंच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचेही पैसे मिळत नाहीत. मात्र आधीचे आजारपण संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा दाखला निघाला, तर हे दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. म्हणजे सुटी-सुटी रजा घ्यायची असेल तर दोन रजांमध्ये १५ दिवसांहून अधिक अंतर पडू देऊ नये.

सिस्टर

मी परिचारिका आहे आणि रात्रपाळी करत असतानाच माझे स्तनाचे रेडिएशन झाले. नानांनी कार्यालयाची बाजू सांगितली, मी रुग्णालयाकडून मिळणाऱ्या वेळेविषयी लिहिते. बऱ्याच मोठ्या केंद्रांत यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते आणि तंत्रज्ञांना पहिल्याच दिवशी, नियोजनाच्या सीटी स्कॅनच्या वेळी, आपली अडचण सांगितली तर वेळ सोयीची मिळू शकते. मी आधी सकाळी साडेसातची वेळ घेतली, म्हणजे ड्युटी संपवून थेट जायचे आणि मग घरी झोपायचे. दोन आठवडे हे उत्तम चालले. तिसऱ्या आठवड्यात स्कूटर सिग्नलला उभी करून मी डोळे मिटले आणि मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नने जागी झाले. त्याच दिवशी मी तंत्रज्ञांना विनंती करून दुपारी चारची वेळ घेतली. सकाळी आठ ते दुपारी दोन सलग झोप मिळू लागल्यावर मी उरलेली सत्रे रात्रपाळी न बदलता पूर्ण करू शकले. तेव्हा पाळी बदलणे हा एकच मार्ग नाही. झोपेचे सहा तास सलग राहतील अशी वेळ मिळाली, तर कंपनीकडे मागण्यासारखे फारच थोडे उरते.

छातीवर शाईने ज्या खुणा केल्या जातात त्या घामाने पुसट होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काखेजवळची कातडी काळवंडून हुळहुळी होते. तुम्ही पॅकिंगमध्ये आहात. सीलिंग यंत्राजवळची उष्णता आणि घट्ट गणवेश, दोन्ही त्या काळात सोसणार नाही. म्हणून अर्जात पाळीबरोबर कामाची जागा बदलून देण्याचीही विनंती अवश्य करा.

हिंजवडी रात्र

मी अमेरिकन ग्राहकांच्या सपोर्टमध्ये आहे. कायमची दिवसपाळी मागू नका, ती मिळत नाही. कमरेच्या फिजिओथेरपीसाठी मी आठवड्यातून तीन दिवस उशिरा लॉगिन मागितले होते आणि मॅनेजरने लगेच होकार दिला. पण नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलली, माझी पाळी साडेसहाऐवजी साडेसातला सुरू होऊन पहाटे एक तास उशिरा संपू लागली आणि सकाळची फिजिओची वेळ पुन्हा झोपेत आली. ज्यांचे काम परदेशी वेळेवर चालते, त्यांनी उपचारांच्या आठवड्यांत हा बदल येतो का, ते आधीच पाहावे.

लाइन सुपरवायझर

मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. माणूस आजारी आहे, हे आम्हाला दिसते. पण रात्री ११ वाजता लाइनवर एक जागा रिकामी राहिली तर उत्तर मला द्यावे लागते, आणि पर्यायी माणूस रात्री मिळत नाही. नानांनी सांगितलेल्या ऑपरेटरसारखा अर्ज माझ्यासमोर आला, तर मी लगेच सही करतो, कारण त्यात माझे अर्धे काम झालेले असते. मात्र बदलीचा माणूस तेच काम शिकलेला असावा. पॅकिंगच्या मदतनिसाच्या जागी हाऊसकीपिंगचा माणूस सुचवून उपयोग नाही. ताई कंत्राटी आहेत, तेव्हा अर्ज कंत्राटदाराच्या नावाने करावा आणि प्रत कंपनीच्या एचआरला द्यावी. मी तोंडी हो म्हटले आणि कंत्राटदाराच्या मस्टरवर गैरहजेरी लागली, असे आमच्याकडे घडले आहे.

रातराणी

सर्वांची मनापासून आभारी आहे. माझ्या रुग्णालयात संध्याकाळी यंत्र चालत नाही, मला सकाळी दहाचीच वेळ मिळाली आहे. त्यामुळे सिस्टर, तुमचा मार्ग मला घेता येत नाही आणि मी दुपारच्या पाळीचा अर्ज लिहिला आहे. त्यातील मुख्य भाग असा :

"माझे उपचार सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी १० वाजता असून एकूण २० सत्रे आहेत. ती पूर्ण होईपर्यंत, अंदाजे चार ते पाच आठवडे, मला रात्री ११ ते सकाळी ७ या पाळीऐवजी दुपारी ३ ते रात्री ११ ही पाळी द्यावी. माझ्या जागी रात्रपाळीस येण्यास याच विभागातील सहकारी तयार असून तिची सही सोबत आहे. या काळातील रात्रपाळीचा भत्ता तिला मिळावा. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यातील गुरुवार आणि सत्रे संपल्यानंतरचा एक आठवडा मी वैद्यकीय दाखल्यासह रजेवर राहीन. या काळात सीलिंग यंत्राऐवजी लेबल तपासणीचे काम द्यावे, ही विनंती."

आजाराचे नाव लिहावे की नाही, हे ठरवता आलेले नाही. माझी नोकरी चौदा महिन्यांची असल्याने ८० टक्क्यांचा लाभ मला मिळणार नाही, हेही आता कळले.

नाना टाइमऑफिस

अर्ज चांगला आहे. आजाराचे नाव लिहा, असे माझे मत आहे. नाव नसेल तर चार आठवड्यांचे उपचार कुणाला पटत नाहीत.

सिस्टर

मी असहमत आहे, नाना. कंत्राटी कामगाराचा अर्ज किती टेबलांवरून फिरतो, ते तुम्हीच पाहिले आहे. "रोजचे रुग्णालयीन उपचार" एवढे अर्जात पुरे, आणि डॉक्टरांचे पत्र बंद पाकिटात फक्त एचआरकडे द्यावे. रातराणी, सहकारी मैत्रिणीच्या रात्री नंतर भरून देण्याचे वचन दिले असेल, तर ते निदान एक-दोन महिने पुढचे द्या. सत्रे संपल्यावरही थकवा काही आठवडे राहतो.

लाइन सुपरवायझर

एक राहिले. दुपारची पाळी रात्री ११ ला सुटते. महिला कामगारांना घरी सोडणारी बस त्या वेळी तुमच्या मार्गावर आहे का?

रातराणी

नाही. आमच्या मार्गाची बस ११ च्या पाळीला फक्त माणसे घेऊन येते, परत रिकामी डेपोत जाते. तीच बस परतताना आमच्या नाक्यापर्यंत न्यावी, अशी ओळ अर्जात वाढवली आहे. कंत्राटदार म्हणतात की बस कंपनीची आहे, एचआर म्हणते की मार्ग कंत्राटदार ठरवतो. सोमवारी दोघांनाही एकत्र भेटायला मागितले आहे.